एक बजेट, तीन शाखा: कोल्हापूरची जाहिरात दिसेना (माझा अनुभव)

चष्म्याचं दुकान, शाखा पुणे, नाशिक, कोल्हापूर. गूगल अ‍ॅड्समध्ये तिन्ही कॅम्पेनना रोजचं ३,००० रुपयांचं एकच सामायिक बजेट होतं. त्यातले सुमारे २,४५० पुणे खायचं आणि कोल्हापूरला जेमतेम १५० उरायचे. सामायिक बजेटमध्ये कोणत्याही कॅम्पेनला किमान वाटा राखून ठेवता येत नाही. जिथे शोध जास्त, तिकडे पैसा वाहतो.

दुखणं कळलं ते `Search lost IS (budget)` या रकान्यातून, म्हणजे बजेट अपुरं पडल्याने जाहिरात दाखवायच्या किती टक्के संधी हुकल्या, त्या आकड्यातून. कोल्हापूरचा आकडा मोठा असेल तर जाहिरात वाईट नाही, पैसे कमी पडतायत. मग कोल्हापूरला ६०० रुपयांचं वेगळं बजेट दिलं आणि उरलेले २,४०० पुणे-नाशिकमध्ये सामायिक ठेवले. एखाद्या दिवशी खर्च दुप्पट दिसला तर घाबरू नका. गूगल हिशेब महिन्याचा धरतं.

दुसरी गळती ठिकाणाची. मूळ सेटिंगमध्ये कोल्हापुरात रस असलेला मुंबईकरही मोजला जातो. तिथे `Presence` निवडलं, म्हणजे त्या ठिकाणी असणारे किंवा नेहमी येणारे लोकच. जाहिरातीत 'राजारामपुरीत डोळे तपासणी' असं नेमकं लिहिलं आणि त्याच शाखेचा फोन नंबर जोडला.

अहवालात मात्र नुसते कॉल मोजू नका. जुन्या आठवड्यात पुण्याचे २४५ कॉल, कोल्हापूरचे २१. कोल्हापूरचा मॅनेजर बिचारा बोलणी खायचा. खर्चाने भागलं तर पुण्याचा कॉल ७० रुपयांना, कोल्हापूरचा ५० ला.