नकारानंतर अभिप्राय मागताना या चुका टाळा

मुलाखतीनंतर नकार आला, की बहुतेक उमेदवार विचारतात, "माझी निवड का झाली नाही?" प्रश्न रास्त असला, तरी तो समोरच्याला निर्णयाचे समर्थन करायला लावतो. लेखी दिलेले कारण पुढे तक्रारीत किंवा कायदेशीर वादात वापरले जाईल, ही धास्ती अनेक कंपन्यांना असते. म्हणून "दुसरा उमेदवार अधिक अनुरूप होता" असे साचेबद्ध उत्तर येते किंवा काहीच येत नाही.

समजा, विश्लेषकाच्या पदासाठी तिसऱ्या फेरीत तुम्ही सादरीकरण केले आणि तेथे थांबावे लागले. "सर्व निकष पूर्ण करत असूनही नकार का मिळाला, हे कळवावे" असे लिहिले, तर त्या "असूनही"मध्येच वाद सुरू होतो. त्याऐवजी असे लिहिता येईल :

"निर्णय कळवल्याबद्दल आभार. तो मला मान्य आहे आणि फेरविचाराची माझी विनंती नाही. विक्रीच्या आकडेवारीवरील माझ्या सादरीकरणात मांडणी कमी पडली, की निष्कर्षांना पुरेसा आधार नव्हता, हे दोन ओळींत सांगता आले, तर पुढील तयारीला दिशा मिळेल. फोनवर पाच मिनिटे बोलणे सोयीचे असल्यास आपल्या वेळेनुसार मी उपलब्ध आहे. उत्तर देणे शक्य नसले, तरी हरकत नाही."

येथे प्रश्न निर्णयाविषयी नसून तुमच्या कामाविषयी आहे आणि दोन शक्यता तुम्हीच पुढे ठेवल्यामुळे समोरच्याला एकीवर बोट ठेवणे सोपे जाते. फोनचा पर्याय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण जे लिहून द्यायला माणूस कचरतो, ते तो बोलताना सहज सांगतो.

नकाराचा ईमेल उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून आला असेल, तर त्यालाच उत्तर पाठवणे व्यर्थ आहे. भरतीच्या काळात ज्यांच्याशी तुमचा पत्रव्यवहार झाला, त्यांना दोन दिवसांत लिहावे; पुढे मुलाखतीचे तपशील पुसट होत जातात. आठवड्याभरात उत्तर नाही आले, तर एकदाच आठवण करावी. मुलाखतीपूर्वीच अर्ज बाद झाला असेल, तर तो वाचणाऱ्याजवळ तुमच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नसते, त्यामुळे तेथे मोठी अपेक्षा ठेवू नये.

सर्वांत घातक चूक मात्र उत्तर आल्यानंतर होते. "निष्कर्षांमागची गृहीतके स्पष्ट नव्हती" असे कळल्यावर, "पण मी ती चौथ्या स्लाइडवर दिली होती" असे उत्तर पाठवले, तर प्रांजळपणे बोलणारा माणूस पुढे गप्प होतो. स्लाइड खरोखर होती, तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, हीच माहिती तुमच्या कामाची आहे. त्याचा मुद्दा एका वाक्यात तुमच्या शब्दांत मांडून आभार मानावेत. फार तर एवढेच विचारावे, "ती गृहीतके सुरुवातीलाच सांगितली असती, तर बरे झाले असते का?"