ऐन वेळी बैठक रद्द करताना या चुका टाळा

सकाळी अकराची बैठक रद्द झाल्याचे दहा वाजता कळवले, म्हणजे तासभर आधी कळवले, असा हिशेब बहुतेक कार्यालयांत केला जातो. समोरची व्यक्ती त्याच इमारतीत बसत असेल तरच हा हिशेब बरोबर ठरतो. ती बाहेरगावाहून येणार असेल, तर मुदत अकरा वाजता नव्हे, ती घरून निघते त्या क्षणी संपते.

नाशिकमधील सातपूरच्या एखाद्या कारखान्यातील खरेदी अधिकाऱ्याने पॅकिंगचे खोके पुरवणाऱ्या सिन्नरच्या व्यावसायिकाला अकरा वाजता दर ठरवण्यासाठी बोलावले आहे, असे समजू या. नाशिकरोड, द्वारका आणि मग त्र्यंबक रोड अशी वाट, द्वारकेला हमखास लागणारी गर्दी आणि गेटवर नोंद करून आत येण्याचा वेळ धरला, तर त्यांना साडेनऊच्या सुमारास निघावे लागते. नऊ वाजून दहा मिनिटांनी अधिकाऱ्याला कळते की ग्राहक कंपनीचे लोक तपासणीसाठी आजच अकराला येत आहेत. त्याच्या हाती वीस मिनिटे आहेत, आणि नेमकी हीच वीस मिनिटे ‘तपासणी लवकर आटोपली तर जमेल कदाचित’ या आशेवर घालवली जातात. खात्री नसली तरी फोन लगेच करावा आणि ‘आजची बैठक पुढे जाण्याची शक्यता आहे, आपण निघाला नसाल तर कृपया थांबावे, मी साडेनऊच्या आत नक्की कळवतो,’ असे सांगावे. मात्र साडेनऊला काहीच ठरले नसेल, तर बैठक रद्द झाली असेच कळवावे. त्यांना ताटकळत ठेवणे हे रद्द करण्यापेक्षा वाईट.

दुसरी चूक म्हणजे केवळ व्हॉट्सॲपवर संदेश टाकून मोकळे होणे. गाडी चालवणारा माणूस संदेश वाचत नाही आणि वाचू नये. शिवाय निळ्या खुणा बंद करून ठेवणारे लोकही कमी नाहीत. त्यामुळे आधी फोन करावा आणि बोलणे झाल्यावर तेच लेखी पाठवावे. फोन उचलला गेला नाही, तर संदेश पाठवून पाच मिनिटांनी पुन्हा फोन लावावा, आणि तरीही संपर्क झाला नाही, तर त्यांच्या कार्यालयात किंवा सोबत येणाऱ्या सहकाऱ्याला गाठावे. उत्तर येईपर्यंत समोरचा निघालेला आहे असेच धरून चालावे आणि आपल्या गेटवरही तशी कल्पना देऊन ठेवावी, कारण नमुन्यांची खोकी घेऊन आलेल्या माणसाला सुरक्षारक्षकाकडून ‘साहेब आज भेटणार नाहीत’ असे ऐकावे लागणे फार बोचते.

ते निघालेच असतील, तर रद्द करण्याची घाई करू नये. कुठवर आलात, एवढे आधी विचारावे. वाटेवरचा शिंदे टोलनाका अजून ओलांडला नसेल, तर परत फिरणे सोयीचे की नाशिकमधील दुसरे काम उरकणे, हा निर्णय त्यांचा आहे. द्वारकेपर्यंत पोहोचले असतील, तर सहकाऱ्याने नमुने पाहून तांत्रिक बोलणी उरकावीत आणि दराचे बोलणे नंतर फोनवर व्हावे, अशी अर्धी बैठक तरी पदरात पाडून द्यावी.

संदेशात कारण एका वाक्यात पुरते. लांबलचक कैफियतीमुळे समोरच्यावरच ‘काही हरकत नाही’ म्हणण्याचे दडपण येते. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे तर टाळाटाळ केल्यासारखेच वाटते. असे लिहिता येईल:

‘नमस्कार. ग्राहक कंपनीची तपासणी अचानक आजच ठरल्यामुळे अकराची बैठक रद्द करावी लागत आहे. इतक्या उशिरा कळवत असल्याबद्दल मनःपूर्वक दिलगिरी. गुरुवारी दुपारी ३ किंवा शुक्रवारी सकाळी ११ यांपैकी आपणास सोयीची वेळ कळवावी. आपली हरकत नसल्यास मी स्वतः सिन्नरला येईन.’

शेवटचे वाक्य खरोखर जाण्याची तयारी असेल तरच लिहावे.

नवी वेळ ठरल्यावर गूगल कॅलेंडरमध्ये वेगळी नोंद करून जुनी तशीच सोडू नये, नाहीतर जुन्या वेळेची आठवणही सर्वांना जात राहते. मूळ नोंदीचीच वेळ बदलावी. बदल जतन करताना किंवा नोंद काढून टाकताना निमंत्रितांना ईमेल पाठवायचा का, असे विचारले जाते, तेथे घाईने नकार देऊ नये.

हीच बैठक दुसऱ्यांदा पुढे ढकलावी लागली, तर आपण पुन्हा तारखा सुचवण्याऐवजी वेळ आणि जागा दोन्ही त्यांनाच ठरवू द्यावे, आणि त्या दिवसाची आपली आधीची आणि नंतरची तासाभराची कामे काढून टाकावीत.