नॉक-आउट प्रश्न लावताय? चांगला उमेदवार बाद करणाऱ्या या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्याला मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन हवा आहे असं धरू. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाहिरात टाकली, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, भरपूर अर्ज आले. पण एचआरच्या यादीत मोजकेच उरले, कारण बाकीच्यांना नॉक-आउट प्रश्नांनी, म्हणजे ठरावीक उत्तर आलं की अर्ज आपोआप बाद करणाऱ्या प्रश्नांनी, आधीच बाहेर काढलं होतं. अशा वेळी ‘आपल्याकडे माणसंच मिळत नाहीत’ म्हणण्याआधी ‘रिजेक्टेड’चा गठ्ठा उघडून बघा.

तिथे असा एक अर्ज सापडू शकतो. मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन, भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये एक वर्ष अप्रेंटिस, नंतर दालमिलमध्ये 1 वर्ष 10 महिने मोटारी आणि पॅनल सांभाळलेला. प्रश्न होता, ‘अनुभव किती वर्षे?’ चौकटीत फक्त पूर्ण आकडा जात होता आणि नियम होता 2 पेक्षा कमी असेल तर बाद. अप्रेंटिसशिप धरायची की नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रामाणिक मुलगा, त्याने 1 लिहिलं आणि गेला. शेजारच्याने सगळं मिळून 3 लिहिलं, तो आत. म्हणजे गाळणीने अनुभव तपासलाच नाही, प्रश्नाचा अर्थ कोणी कसा लावला एवढंच तपासलं.

आकड्याच्या चौकटीत हा घोळ नेहमीचा. कोणी महिने धरून 22 लिहितो आणि बावीस वर्षांचा अनुभवी ठरतो. पगाराच्या प्रश्नावर तर कोणी महिन्याचे 18000 लिहितो, कोणी वर्षाचे लाखांत 2.16. दोघांची अपेक्षा सारखीच, सॉफ्टवेअरला मात्र हे दोन वेगळेच आकडे. म्हणून आकडा टाइप करायला लावू नका, पर्याय द्या: ‘अप्रेंटिसशिप धरून अनुभव: 1 वर्षापेक्षा कमी / 1 ते 2 / 2 ते 5 / 5 पेक्षा जास्त’. त्यातला फक्त पहिला पर्याय बाद करा. बाकीच्यांना हवं तर कमी-जास्त गुण द्या. दोन वर्षांना दोन महिने कमी पडले म्हणून कोणाचं पॅनलवरचं काम अडत नाही.

इथेच खरा प्रश्न येतो: कोणती अट नॉक-आउट करावी? माझं मत सरळ आहे. जिच्याशिवाय माणसाला पहिल्या दिवशी कामावर उभंच करता येणार नाही, तीच. धोक्याच्या कामावर कोणी अठरा वर्षांखालचा चालणार नाही, ट्रकसाठी अवजड वाहनाचा परवाना लागतोच. ‘असल्यास बरं’ अशा अटी गुणांत टाका.

‘तुम्ही जळगावात राहता का?’ हा प्रश्न त्या कसोटीवर टिकत नाही. भुसावळ सुमारे 25 किलोमीटरवर, रेल्वेने रोज येणारे कितीतरी. पाचोरा, धरणगावचंही तेच. तुम्हाला पत्ता नको आहे, माणूस वेळेवर हवा आहे. मग तेच विचारा: ‘सकाळी 7 च्या शिफ्टला रोज स्वतःच्या सोयीने पोचू शकाल का?’

नकारार्थी प्रश्न तर लावूच नका. ‘रात्रपाळीला अडचण नाही ना?’ यावर आपला माणूस ‘नाही’ म्हणतो, म्हणजे अडचण नाही. सॉफ्टवेअरने ‘नाही’ला बाद ठरवलेलं असेल तर रात्रपाळीला तयार असलेलाच घरी. शिक्षणाच्या यादीतही एकदा डोकवा. दहावी, बारावी, डिप्लोमा, पदवी आहे पण आयटीआयच नाही, असं सर्रास दिसतं. मग बिचारा दहावी निवडतो आणि बाद होतो.

जाहिरात सुरू करण्याआधी स्वतः मोबाइलवरून खोटे अर्ज भरा, संगणकावरून नको. एक नक्की पात्र, एक नक्की अपात्र, आणि एक अगदी सीमेवरचा. ‘2 पेक्षा कमी’ आणि ‘2 किंवा कमी’ यातला फरक सीमेवरच्या अर्जातच दिसतो. सुरुवातीचे काही दिवस बाद झालेल्यांना थेट नकार न पाठवता ‘तपासणीसाठी’ अशा वेगळ्या टप्प्यात ठेवा आणि आपोआप जाणारी नकाराची मेल बंद ठेवा.

मग कोणत्या प्रश्नाने किती जण गेले ते मोजा. एकाच प्रश्नाने निम्म्याहून जास्त जण काढले असतील, तर त्याच प्रश्नाने गेलेले दहा-पंधरा बायोडेटा उघडून वाचा. बायोडेटात पात्रता दिसते पण उत्तरात नाही, असे दोन-तीन निघाले तरी प्रश्नाचे शब्द बदला. एकजात सगळे खरंच अपात्र असतील, तर गाळणी ठीक आहे, जाहिरात भलत्याच लोकांपर्यंत पोचतेय.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न अर्ज भरतानाच तपासला जातो, त्यामुळे नियम सुधारला तरी आधी बाद झालेले आपोआप परत येत नाहीत. त्या प्रश्नाने बाद झालेले शोधून त्यांना हाताने पुढच्या टप्प्यात आणावं लागतं. नकाराची मेल गेली असेल तर फोन करा आणि आधीची मेल चुकून गेली होती हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर तो फोन त्याला फसवणुकीचा वाटेल.