उतारवयात पहिल्यांदाच भास-संशय सुरू झाले, तर कारण कसं शोधावं

आयुष्यभर डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला सत्तरीनंतर पहिल्यांदाच भास व्हायला लागले, तर आधी शरीर तपासायचं. मनोविकाराचं निदान सगळ्यात शेवटी. 'वय झालं की असं होतंच' हा सल्ला तर कानाआडच करा.

आधी सुरुवात कधी झाली ते विचारा. मग रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. त्रास दोन-चार दिवसांतलाच असेल, माणूस मधेच पेंगत असेल, वार म्हणताना हरवत असेल, तर तो डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने मेंदूत अचानक उडालेला गोंधळ, समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोडियम, साखर, कॅल्शियम, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या करा. काही आठवड्यांपूर्वी पडले असतील, तर डोक्याचा सीटी स्कॅनही करा. लघवीत जंतू सापडले म्हणून शोध थांबवू नका; म्हातारपणी ते त्रासाविनाही सापडतात.

खरी कसोटी औषधांची. हीच पायरी मला सर्वांत जास्त छळायची, कारण नातेवाईक फक्त 'बीपीची आणि शुगरची गोळी' सांगतात. सर्दीची गोळी, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. म्हणून यादी मागू नका, घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणायला सांगा. प्रत्येकीपुढे सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहा. झोपेची गोळी किंवा दारू अचानक सुटल्यानेही भास होतात.

एक उदाहरण घ्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना संध्याकाळी हॉलमध्ये लहान मुलं दिसू लागली. पिशवीत थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन निघालं. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली ही तिन्ही औषधं मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलिनचं काम अडवतात. सर्दीची गोळी लगेच बंद केली, बाकीची दोन्ही डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने. (कंपवाताच्या गोळ्या घरच्या घरी झटकन तोडू नका.) गोंधळ ओसरला, पण मुलं मात्र अधूनमधून दिसतच राहिली.

इथे बरेच जण थांबतात. थांबू नका, पत्नीला विचारा: हे झोपेत हातपाय झाडतात का, ओरडतात का? एखादा दिवस लख्ख, दुसरा धुरकट असं होतं का? आजोबांच्या बाबतीत दोन्ही उत्तरं 'हो' होती. त्यात चाल मंदावलेली आणि स्मरणाच्या चाचणीतही घसरण. हे लेवी बॉडी डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदूत प्रथिनांच्या गाठी साचून होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं चित्र. नुसती नजर अधू असेल, बुद्धी शाबूत असेल आणि दिसतंय ते खरं नाही हे माणसालाच कळत असेल, तर चार्ल्स बॉनेट सिंड्रोमचा विचार करायचा.

हा फरक जिवावरचा आहे. लेवी बॉडीच्या रुग्णाला 'शांत करायला' हॅलोपेरिडॉल हे भासांवरचं औषध दिलं, तर तो लाकडासारखा ताठरू शकतो, गिळणं अवघड होतं, प्रसंगी जीवही जातो. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहून ठेवा: 'लेवी बॉडीची शक्यता, हॅलोपेरिडॉल देऊ नये.'