माध्यमांचा परिणाम तपासणारा प्रयोग: या चुका टाळा

लोकलच्या दारातून पडून झालेल्या अपघाताची बातमी दोन प्रकारे लिहिता येते. एक त्या प्रवाशाची: तो कोण, घरी कोण आहे, त्या सकाळी दिवा स्टेशनवर कोणती गाडी धरली. दुसरी गर्दीची: त्या वेळेत फेऱ्या किती, दोन गाड्यांत अंतर किती, फलाटावर माणसं किती. शँटो अय्यंगार यांनी अमेरिकी टीव्ही बातम्यांवर केलेले प्रयोग १९९१ मध्ये एकत्र मांडले. गरिबीसारख्या विषयात एका व्यक्तीची गोष्ट पाहिलेले प्रेक्षक दोष त्या व्यक्तीकडे वळवतात आणि परिस्थितीची बातमी पाहिलेले समाजाकडे व सरकारकडे, असं त्यांना आढळलं. सगळ्याच विषयांत हा फरक सारखा नव्हता. म्हणूनच ठाणे-कळवा-मुंब्रा पट्ट्यातल्या वाचकांवर लोकलच्या बातमीने तो दिसतो का, हे तपासण्याजोगं आहे.

प्रयोग ऐकायला सोपा आहे. अर्ध्या लोकांना पहिली बातमी द्यायची, अर्ध्यांना दुसरी, आणि नंतर ‘अशा अपघातांना प्रवासी स्वतः किती जबाबदार?’ आणि ‘रेल्वेची व्यवस्था किती जबाबदार?’ हे १ ते ७ च्या पट्टीवर विचारायचं. त्याचं सगळं बळ एकाच गोष्टीत आहे: कोणाला कोणती बातमी मिळेल हे फक्त चिठ्ठीने ठरलं, तर बातमी हातात पडण्याआधी दोन्ही गट सरासरीने सारखे असतात. खाली दिलेल्या चुका वरवर वेगळ्या दिसतील, पण त्यांतल्या बहुतेकींत ही बरोबरीच हातची जाते.

सकाळच्या तुकडीला एक, दुपारच्या तुकडीला दुसरी

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक सर्वांत जास्त दिसते, कारण वाटायला सोपं जातं. ‘ए’ डिव्हिजनला प्रवाशाची बातमी, ‘बी’ला गर्दीची. पण ठाण्यातल्या कॉलेजात सात वाजताच्या लेक्चरला कोण येतं ते पाहा. नौपाड्यातून चालत येणारा आणि बदलापूरहून पहाटेची गाडी धरून येणारा, दोघं गर्दीकडे सारख्या नजरेने बघत नाहीत. एका तुकडीत कल्याणपलीकडची मुलं जास्त आणि दुसरीत वाशी-ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने येणारी जास्त असली, तर निकालातला फरक बातमीचा की प्रवासाचा हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय चिठ्ठी टाकली असेल तर ती दोन तुकड्यांसाठी, म्हणजे दोन्हींत मिळून १२० विद्यार्थी असले तरी नमुना १२० चा नसून २ चा. तुकडीत विद्यार्थी वाढवून हे दुरुस्त होत नाही.

‘आधी आलेल्या साठ जणांना पहिली बातमी’ यातही हीच गडबड आहे. वेळेवर पोहोचणारे आणि गाडी चुकलेले यांच्यात नेमका त्याच बाबतीत फरक असतो, ज्याबद्दल आपण विचारणार आहोत. रोल नंबरचा सम-विषम नियम यापेक्षा बरा, पण पुढच्या माणसाला कोणती बातमी जाणार हे वाटणाऱ्याला आधीच माहीत असतं, आणि नकळत तो कोणाला बोलवायचं ते निवडू लागतो.

इथे एक गोंधळही मिटवायला हवा. रँडम सॅम्पलिंग म्हणजे लोकसंख्येतून माणसं चिठ्ठीने निवडणं. रँडम असाइनमेंट म्हणजे जी माणसं आली त्यांना चिठ्ठीने गटांत वाटणं. कॉलेजातल्या अभ्यासात पहिलं बहुतेकदा नसतंच, आणि त्यामुळे निष्कर्ष सगळ्या ठाणेकरांना लावता येत नाही. पण दुसरं नीट केलं असेल, तर फरक बातमीमुळे पडला असं म्हणता येतं. अहवालात ‘रँडम’ एवढाच शब्द लिहू नका. दोन्हींपैकी काय केलं ते लिहा.

किती माणसं लागतील? लिखित बातमी एकदा वाचून पडणारा फरक सहसा लहान असतो. तो ०.३ प्रमाण विचलनाइतका धरला, तर ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक पकडला जाण्याची शक्यता, आणि ५ टक्के सार्थकता पातळीसाठी प्रत्येक गटात सुमारे १७६ जण लागतात, एकूण ३५२. फरक ०.५ चा धरला तर प्रत्येक गटात ६४ पुरतात, पण आकडा परवडतो म्हणून मोठा फरक गृहीत धरणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. ३५२ जणांची यादी चार-चारच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे दर चौघांत दोन A आणि दोन B, आर या सांख्यिकी भाषेत अशी करता येते:

```r
set.seed(400601)
gat <- as.vector(replicate(88, sample(c("A","A","B","B"))))
write.csv(data.frame(kram = 1:352, gat), "yadi.csv", row.names = FALSE)
```

ब्लॉकमुळे कोणत्याही दिवशी काम थांबवलं तरी दोन्ही गट जवळपास सारखे भरलेले राहतात. यादीप्रमाणे बातमी आणि प्रश्नावली एकसारख्या बंद पाकिटांत भरा, वर फक्त क्रमांक टाका. पाकिटं भरणारा आणि वाटणारा वेगवेगळे असावेत. ऑनलाइन करायचं असेल तर गुगल फॉर्म प्रश्नांचा क्रम बदलतो, पण माणसांना गटांत वाटण्याची सोय त्यात नाही. लाइमसर्व्हे या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये `gat` नावाच्या लपवलेल्या इक्वेशन प्रश्नात हे लिहितात:

```
{if(is_empty(gat.NAOK), rand(1,2), gat.NAOK)}
```

`is_empty` गाळलं तर कोणी पान रिफ्रेश केल्यावर नवी चिठ्ठी निघते आणि त्याला दुसरी बातमी दिसू शकते.

नंतर वय, लिंग, रोजचा प्रवास यांच्या तक्त्यावर टी-टेस्ट लावून ‘गट सारखे आहेत’ असं सिद्ध करायची सवय सोडा. चिठ्ठी खरी असेल तर जो फरक दिसतो तो योगायोगाचाच. रोजच्या प्रवासाचा परिणाम होईल असं वाटत असेल, तर तो विश्लेषणात धरणार हे आकडे पाहण्याआधीच लिहून ठेवा.

एकाऐवजी चार गोष्टी बदलणं

गट सारखे झाले तरी त्यांच्या हातातली बातमी फक्त एकाच बाबतीत वेगळी हवी. प्रवाशाची बातमी १८० शब्दांची, फोटोसह, आणि गर्दीची ३५० शब्दांची, तक्त्यासह असेल, तर आपण लांबी, चित्र, आकडे आणि मांडणी, म्हणजे गोष्ट व्यक्तीची की परिस्थितीची, हे सगळं एकाच वेळी तपासतो आहोत. मथळा, फोटो, पहिला आणि शेवटचा परिच्छेद दोन्हीकडे तोच ठेवा. साधारण २२० शब्दांच्या बातमीत मधले १२० शब्दच बदला.

यातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे प्रवाशाचं नाव. पाटील, शेख, यादव, जोशी असं कोणतंही आडनाव आलं की मराठी वाचक जात, धर्म, गाव आणि ‘आपला की बाहेरचा’ हे एका क्षणात ठरवून मोकळा होतो. दोष कोणाला द्यायचा हे मग त्या नावावरून ठरू शकतं. गर्दीच्या बातमीत नावच नसल्याने हा प्रभाव एकाच गटावर पडतो. नुसतं पहिलं नाव दिल्याने हे टळत नाही. त्यावर उपाय असा की प्रवाशाच्या बातमीची तीन रूपं करा, वेगळ्या नाव-वय-व्यवसायाची, आणि गर्दीच्या बातमीचीही तीन: एक फेऱ्यांवर, एक फलाटांवर, एक दोन गाड्यांतल्या अंतरावर. गटाच्या आत कोणतं रूप मिळेल तेही चिठ्ठीने ठरवा. फरक तिन्ही रूपांत एकाच दिशेने दिसला तर तो मांडणीचा म्हणता येतो. एकाच नावावर उभा राहिला, तर तो त्या नावाचा आहे.

मॅनिप्युलेशन चेक चुकीच्या जागी, चुकीच्या कामासाठी

मॅनिप्युलेशन चेक म्हणजे बातमीतला आपण केलेला बदल वाचकाला जाणवला का, याची तपासणी. ‘बातमी आवडली का?’ हा तो प्रश्न नव्हे. ‘ही बातमी मुख्यतः एका माणसाबद्दल होती की एकूण प्रवासाच्या परिस्थितीबद्दल?’ असं १ ते ७ वर विचारा. त्यासोबत ‘किती दुःख झालं’, ‘किती विश्वासार्ह वाटली’, ‘समजायला किती अवघड गेली’ हेही विचारा. पहिल्या प्रश्नात गट वेगळे आणि बाकी तिन्हींत जवळपास सारखे दिसायला हवेत. प्रवाशाची बातमी खूप जास्त दुःखद ठरली, तर पुढचा फरक मांडणीचा की हळहळीचा, हा प्रश्न उरतोच.

जबाबदारीच्या प्रश्नांआधी हा चेक ठेवला तर वाचकाला अभ्यासाचा हेतू कळतो आणि तो आपल्याला हवं ते उत्तर देऊ लागतो. फार नंतर ठेवला तर तो विसरलेला असतो. म्हणून खरी तपासणी मुख्य अभ्यासाआधी वेगळ्या ४० जणांवर करा, प्रत्येक बातमी २० जणांना. एवढ्या लहान संख्येत मोठाच फरक पकडला जातो, आणि तो मोठा असायलाच हवा. इथे दिसला नाही तर बातमी पुन्हा लिहा, ३५२ जणांपर्यंत जाऊ नका.

आता सर्वांत महागडी चूक. मुख्य अभ्यासात समजा चेक चुकलेले पहिल्या गटात १४ आणि दुसऱ्यात ४८ निघाले. त्यांना ‘नीट वाचलं नाही’ म्हणून काढलं तर उरतात १६२ आणि १२८. काढलेले कोण, ते पाहा. गर्दीची बातमी आकड्यांची, म्हणून घाईघाईने वाचणारे तिच्यात अडकले. तसेच घाईघाईने वाचणारे पहिल्या गटातही आहेत, पण गोष्ट सोपी असल्याने ते पास झाले आणि राहिले. म्हणजे एका गटात धीमे आणि घाईचे दोन्ही, दुसऱ्यात मुख्यतः धीमेच. चिठ्ठीने मिळवलेली बरोबरी आपण स्वतःच्या हाताने मोडली, आणि आकडे मात्र अधिक स्वच्छ दिसू लागले. माँटगोमेरी, नायहन आणि टॉरेस यांनी २०१८ मध्ये दाखवलं की असं गाळणं राज्यशास्त्रातल्या प्रयोगांत सर्रास होतं आणि त्याने निष्कर्ष एका बाजूला झुकू शकतो.

लक्ष नसलेल्यांना वगळायचंच असेल तर लक्ष तपासणारा प्रश्न बातमीच्या आधी ठेवा. बातमी दिल्यानंतर कोणालाही काढू नका. मुख्य विश्लेषण ३५२ जणांचं करा आणि चेक चुकलेल्यांची संख्या गटवार छापा. अर्धवट सोडून गेलेल्यांनाही हाच न्याय: एका गटात ५ आणि दुसऱ्यात ३० गेले असतील, तर ते लपवण्याजोगं नाही, आधी सांगण्याजोगं आहे.

अभ्यास चालू असताना बाहेर काय घडतं

सोमवारी एक गट, गुरुवारी दुसरा, आणि मधे बुधवारी पावसाने रुळांवर पाणी साचून गाड्या ठप्प झाल्या, तर गुरुवारचा गट रेल्वेवर चिडलेलाच येईल. प्रत्येक सत्रात दोन्ही बातम्यांची पाकिटं असतील तर ही चीड दोन्हीकडे सारखी वाटली जाते. तरीही एक मर्यादा राहते: सगळेच रेल्वेला ७ देऊ लागले तर फरक दिसायला पट्टीवर जागाच उरत नाही. पाकिटावर तारीख लिहा आणि त्या दिवसांचे आकडे वेगळे काढून पाहा.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ‘तुला कोणती बातमी आली?’ हे पसरायला एक मधली सुट्टी पुरते. म्हणून शक्यतो सगळ्या तुकड्या एकाच दिवशी घ्या आणि शेवटी ‘या अभ्यासाबद्दल आधी काही ऐकलं होतं का?’ हे विचारा.

कार्ल हॉवलँड यांनी १९५९ मध्येच लक्षात आणून दिलं होतं की प्रयोगांत माध्यमांचा परिणाम सर्वेक्षणांपेक्षा मोठा दिसतो, आणि त्याचं एक कारण म्हणजे प्रयोगात माणसाला मजकूर पाहावाच लागतो. वर्गात बसून पूर्ण वाचलेली बातमी आणि डोंबिवलीच्या गर्दीत अंगठ्याने सरकवलेली बातमी यांत तेवढंच अंतर आहे. अहवालात ‘बातमी पूर्ण वाचली तर’ ही अट निष्कर्षाच्याच वाक्यात घाला, मर्यादांच्या शेवटच्या पानावर नको.

बातमी रचलेली आहे, हे उत्तरं घेतल्यावर लगेच प्रत्येकाला लेखी सांगा. खऱ्या स्टेशनचं नाव असलेल्या खोट्या अपघाताचा एक फोटो बाहेर पडला, तर तो खरी बातमी म्हणून फिरेल आणि कुणाच्या तरी घरी धडकी भरेल. वाचताना फोन बॅगेत ठेवायला सांगा, आणि जितकी पाकिटं वाटली तितकी पानं मोजून परत घेतल्याशिवाय वर्ग सोडू नका.