वारंवार विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्या कर्मचाऱ्यास ताकीदपत्र कसे द्यावे

ताकीदपत्राचा कस लागतो तो त्यातील तारखांवर. पत्राची भाषा कितीही सौम्य असली, तरी त्यातील एखादी तारीख चुकीची निघाली की कर्मचाऱ्याचा उरलेल्या तारखांवरचाही विश्वास उडतो. म्हणून मसुदा लिहायला घेण्याआधी हजेरीपट, रजेचे अर्ज, पगारपत्रकातील नोंदी आणि पर्यवेक्षकाकडे आलेले निरोप एकत्र घेऊन बसावे आणि प्रत्येक गैरहजेरी या सगळ्यांशी ताडून पाहावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गोदामातील नोंदणी कारकुनाची पाळी सकाळी 9 वाजता सुरू होते. अडचण असल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी पर्यवेक्षकाला कळवावे, असे तेथील सेवानियमांत लिहिलेले आहे. हजेरीपटावर 2025 मधील 9 जून, 10 जून, 7 जुलै, 4 ऑगस्ट आणि 25 ऑगस्ट या पाच दिवशी त्याची गैरहजेरी दिसते. पगारपत्रक उघडल्यावर मात्र 10 जून हा दिवस बिनपगारी रजा म्हणून मंजूर झाल्याचे आढळते, कारण 9 तारखेच्या संध्याकाळी त्याने दुसऱ्या दिवसाची रजा मागितली होती. एकदा मंजूर केलेल्या रजेला नंतर विनापरवानगी गैरहजेरी म्हणता येत नाही. तो दिवस यादीतून तेव्हाच काढून टाकावा. हजेरी आणि पगार वेगवेगळे विभाग पाहत असतील, तर अशी विसंगती सहज निसटते आणि पुढे तीच संपूर्ण कारवाईवर शंका आणते.

यानंतर थेट ताकीद देऊ नये, आधी लेखी खुलासा मागवावा. हा टप्पा अनेक ठिकाणी घाईत गाळला जातो आणि मग ऐकून न घेताच निर्णय झाल्याची भावना कर्मचाऱ्याच्या मनात राहते. ती रास्तही असते. खुलासा मागणारे पत्र लहान असावे. त्यात उरलेल्या चार तारखा, लागू असलेला नियम आणि उत्तर देण्याची मुदत एवढेच असावे. मुदत आपल्या सेवानियमांत ठरलेली असेल तीच द्यावी; ठरलेली नसेल, तर कागदपत्रे जमवायला पुरेल इतकी द्यावी. त्या पत्रात ‘आपला गैरवर्तनाचा दोष सिद्ध झाला आहे’ अशा अर्थाचे एकही वाक्य नसावे.

आलेला खुलासा तारीखवार वाचावा. आपल्या उदाहरणातील कारकून लिहितो की, 7 जुलै रोजी सकाळी साडेआठ वाजता त्याने पर्यवेक्षकाला संदेश पाठवला होता आणि ‘ठीक आहे’ असे उत्तर आले होते. पर्यवेक्षकाचे म्हणणे असे की, आपण फक्त संदेश मिळाल्याचे कळवले, रजा मंजूर केली नव्हती. माझ्या मते हा दिवस कर्मचाऱ्याच्या बाजूने सोडून द्यावा, कारण त्याने नियमाप्रमाणे वेळेत कळवले होते आणि त्या उत्तराचा त्याने लावलेला अर्थ सरळ होता. पर्यवेक्षकाने मंजुरी किंवा नकार स्पष्ट शब्दांत कळवावा, ही सूचना त्याला स्वतंत्रपणे द्यावी. 4 आणि 25 ऑगस्टबद्दल कारकून सांगतो की, आईला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे लागले. तो तपासणीची कागदपत्रेही जोडतो, पण दोन्ही दिवशी त्याने आधी कळवलेले नव्हते. 9 जूनबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखे कारण नाही.

आता पाचापैकी तीन दिवस उरले. ते ताकीद देण्याइतके आहेत का, याचा विचार येथे थांबून करावा. 5 ऑगस्ट रोजी पर्यवेक्षकाने त्याला समोर बसवून तोंडी समज दिली होती आणि तिची नोंद तारखेसह ठेवलेली आहे. त्यानंतरही 25 ऑगस्टला तेच घडले, म्हणून लेखी ताकीद योग्य ठरते. अशी नोंद नसती, तर प्रथम तोंडी समज देऊन तिची नोंद करणे हाच न्याय्य मार्ग होता. खुलाशातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा दीर्घ आजार पुढे आला, तर ताकीदपत्र बाजूला ठेवून आधी उपचार, रजा आणि कामातील सोय यांचा विचार करावा.

पत्र तोंडी समज देणाऱ्या पर्यवेक्षकाच्या सहीने न देता, सेवानियमांनुसार ज्यांना तसा अधिकार आहे त्यांच्या सहीने द्यावे. मुख्य मजकूर असा असू शकतो:

> विषय: पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहण्याबाबत लेखी ताकीद
>
> आपण 9 जून, 4 ऑगस्ट आणि 25 ऑगस्ट 2025 रोजी पूर्वसूचना न देता व परवानगी न घेता कामावर अनुपस्थित होता. याबाबत 5 ऑगस्ट रोजी आपणांस तोंडी समज देण्यात आली होती. आपला लेखी खुलासा मिळाला असून तो विचारात घेण्यात आला आहे. आपण वेळेत कळविल्याचे दिसून आल्याने 7 जुलै हा दिवस या ताकिदीतून वगळण्यात आला आहे.
>
> 4 व 25 ऑगस्ट रोजी आपल्या मातोश्रींच्या तपासणीसाठी जावे लागले, हे आपले म्हणणे मान्य आहे. तथापि त्या दिवशी पाळी सुरू होण्यापूर्वी न कळविल्यामुळे माल आवक नोंदीचे काम ऐन वेळी इतरांकडे द्यावे लागले. ही बाब सेवानियमांचा भंग असल्याने आपणांस लेखी ताकीद देण्यात येत आहे.
>
> यापुढे अडचण असल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी पर्यवेक्षकांना कळवावे. तपासणीची तारीख दोन दिवस आधी कळविल्यास त्या दिवशी आपली पाळी बदलून देण्यात येईल. पुन्हा असे घडल्यास पुढील कारवाईचा विचार करावा लागेल. त्या वेळीही आपले म्हणणे आधी ऐकून घेतले जाईल.

या मजकुरात ‘बेजबाबदार’, ‘बेफिकीर’, ‘नेहमीचेच’ असे शब्द नाहीत, हे मुद्दाम पाहावे. अशी विशेषणे स्वभावावर बोट ठेवतात आणि स्वभाव हजेरीपटावरून सिद्ध करता येत नाही. चारही तारखा साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सोमवारच्या आहेत, म्हणून ‘आपण सुट्टी लांबवता’ असे लिहिण्याचा मोह होईल. पण हेतू सिद्ध करणारा पुरावा हाती नसताना तो माणसाच्या माथी मारू नये. या प्रकरणात दोन सोमवारांमागे रुग्णालय निघाले, हे लक्षात घ्यावे. त्याचप्रमाणे पुढील परिणाम आधीच ठरवून टाकणारी, ‘कमी करण्यात येईल’ अशा थाटाची वाक्येही टाळावीत. आईच्या आजाराचा तपशील पत्रात आहे तितकाच ठेवावा. निदान किंवा औषधोपचार लिहिण्याची गरज नाही.

पत्र सहकाऱ्यांसमोर किंवा सामायिक ईमेलवर न देता स्वतंत्र खोलीत बसून द्यावे, वाचायला वेळ द्यावा आणि पोच घ्यावी. पोचेच्या जागी ‘पत्र मिळाले’ एवढेच छापावे, म्हणजे सही ही कबुली नाही, हे कर्मचाऱ्याला समजते. त्याने सही नाकारली तर वाद घालू नये. साक्षीदाराच्या सहीने तशी नोंद करावी आणि पत्र त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर पाठवावे. मूळ पत्र कर्मचाऱ्याला द्यावे आणि प्रत, खुलासा व तोंडी समजेची नोंद वैयक्तिक फाइलमध्ये एकत्र ठेवावी. पत्राविरुद्ध दाद मागण्याची तरतूद सेवानियमांत असेल, तर ती कोणाकडे आणि किती दिवसांत मागावी, हे पत्राच्या शेवटी लिहावे. ताकीद किती काळ विचारात घेतली जाईल, हे नियमांत असेल तर तेही लिहावे. तो काळ संपला की पर्यवेक्षकाने हजेरी पुन्हा पाहून सुधारणा झाल्याची नोंद त्याच फाइलमध्ये करावी आणि तिची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी.