न कळवता बैठक चुकवलीत? माफी मागताना या चुका टाळा

बैठकीला न आलेल्या सहकाऱ्याचे माफीपत्र दुसऱ्या दिवशी सर्वांच्या टपालपेटीत येते आणि ते उघडण्यापूर्वीच त्यात काय असेल याचा अंदाज बांधता येतो, इतकी ही पत्रे एका साच्यातली झाली आहेत. रहदारी, बंद पडलेला फोन, घरातले आजारपण, ‘गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ आणि शेवटी ‘पुन्हा असे होणार नाही’. एका सॉफ्टवेअर गटाचे काम पाहताना अशी पत्रे मी पुष्कळ वाचली आहेत. लिहिणाऱ्यांच्या मनात खोट असते असे मला वाटत नाही. त्यांची चूक अशी की पत्र कोणासाठी लिहायचे याचाच त्यांना विसर पडतो. ज्यांचा वेळ गेला आणि ज्यांचे काम अडले त्यांना उद्देशून लिहायचे ते पत्र स्वतःच्या बचावाचे कैफियतपत्र होऊन बसते.

कारणांची रांग लावणे

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत जास्त नुकसानही हीच करते. आमच्या पुण्यातील कार्यालयात घडलेला एक प्रसंग सांगतो. नवी आवृत्ती ग्राहकाकडे कोणत्या तारखेला पाठवायची हे ठरवण्यासाठी मंगळवारी सकाळी ११ वाजता बैठक होती. चाचणीचा अहवाल ज्या सहकाऱ्याने मांडायचा होता तो आला नाही, त्याचा निरोप नाही आणि फोनही उचलला गेला नाही. नागपूरहून आमची एक सहकारी रजेवर असूनही केवळ या निर्णयासाठी जोडली गेली होती. वीस मिनिटे वाट पाहून आम्ही उरलेले किरकोळ विषय उरकले आणि तारखेचा निर्णय पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे दीड पानी पत्र आले. हिंजवडीच्या चौकातील कोंडी, आदल्या रात्री दुसऱ्या प्रकल्पासाठी केलेले जागरण, मुलीचा ताप आणि बॅटरी संपल्यामुळे बंद पडलेला फोन, असे सारे त्यात तपशीलवार होते. अडचण अशी झाली की त्याच मंगळवारी, बैठक चालू असतानाच्या वेळेत, त्याने दुसऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या आणि आमच्यातले तिघे त्या गटावर होते. कोणी काही बोलले नाही. उत्तरादाखल चार-पाच जणांनी ‘मुलीची काळजी घ्या’ असे लिहिले आणि विषय तिथेच संपल्यासारखा झाला. चाचणीचा अहवाल मात्र शुक्रवारपर्यंत कोणी मागितला नाही आणि त्यानेही तो दिला नाही, कारण इतक्या अडचणी सांगणाऱ्या माणसाकडे कामाचा तगादा कोण लावणार?

पुढे बोलता बोलता त्यानेच खरे कारण सांगितले. बैठक बुधवारऐवजी मंगळवारी घेण्याचे ठरले होते आणि हा बदल त्याने आपल्या कागदी डायरीत टिपला नव्हता, म्हणजे तो सरळ विसरला होता. मुलीला ताप होता हेही खरे, पण तो आदल्या आठवड्यात. ‘बैठकीचा बदललेला दिवस मी टिपून ठेवला नव्हता’ एवढ्या एका वाक्याने जे भागले असते त्यासाठी त्याने दीड पान खर्च केले आणि वर विश्वासही गमावला.

कारणे वाढली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे प्रत्येक कारण ताडून पाहण्याजोगे असते आणि चारांपैकी एक जरी लंगडे निघाले तरी उरलेली खरी कारणेही संशयात सापडतात. दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. ज्यांचा वेळ गेला त्यांच्यावरच तुमचे सांत्वन करण्याची पाळी येते. म्हणून माझा नेम असा की कारण एका वाक्यात मावले तर लिहावे आणि मावत नसेल तर ‘घरी तातडीची अडचण आली होती’ इतकेच लिहून थांबावे. आजाराचे नाव, रुग्णालयाचा पत्ता किंवा घरातल्यांची प्रकृती संपूर्ण गटापुढे मांडण्याची गरज नसते. ज्याला विचारायचे असेल तो स्वतंत्रपणे विचारतो आणि तेव्हा सविस्तर सांगता येते. अपघात किंवा मृत्यूसारखा प्रसंग असेल तर माफीची अपेक्षा कोणी करतही नाही. तिथे केवळ कळवणे पुरेसे असते.

चुकीला कर्ता न ठेवणे

‘काही अपरिहार्य कारणास्तव कालच्या बैठकीस उपस्थित राहणे शक्य झाले नाही. कोणाची गैरसोय झाली असल्यास क्षमस्व.’ कार्यालयीन मराठीत वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या हातून ही दोन वाक्ये विचार न करताही उतरतात. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याच्या सूचनेत ती शोभतात. गटाला लिहिलेल्या पत्रात मात्र ‘शक्य झाले नाही’ या शब्दांमुळे कोणीच काही केले नाही असे होते आणि ‘झाली असल्यास’ म्हटले की गैरसोय झाली की नाही हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्याकडे जाते. वीस मिनिटे रिकाम्या पडद्याकडे पाहत बसलेल्या माणसाला ‘झाली असल्यास’ वाचून काय वाटत असेल? आणि कारण अपरिहार्य असले तरी निरोप न देणे अपरिहार्य होते का, हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा लोकांचा राग गैरहजेरीवर नसतो, न कळवण्यावर असतो. तेव्हा ‘मी आलो नाही आणि कळवलेही नाही’ ही दोन्ही क्रियापदे पत्रात स्वच्छ असावीत. दुसरे क्रियापद गाळलेली पत्रे मी अर्धवट समजतो.

इतिवृत्त न वाचता लिहिणे

घाईने लिहिणाऱ्यांची ही खास चूक. माफी मागायची आणि त्याच पत्रात ‘बैठकीत काय ठरले ते कोणी सांगाल का?’ असे विचारायचे. म्हणजे एकदा वेळ घेतला तो घेतलाच, आता पुन्हा कोणीतरी बसून तुमच्यासाठी सारांश लिहावा. आधी इतिवृत्त किंवा ध्वनिमुद्रण पाहावे, ते नसेल तर एखाद्या सहकाऱ्याला फोन करून दोन प्रश्न विचारावेत: माझ्यामुळे नेमके काय अडले आणि माझ्या वाट्याचे काम कोणी केले? या दोन उत्तरांशिवाय लिहिलेले पत्र मोघमच होणार. वरच्या प्रसंगातील सहकाऱ्याने ही चौकशी करून लिहिले असते तर त्याचे पत्र साधारण असे झाले असते:

> विषय: मंगळवारच्या बैठकीतील माझी गैरहजेरी
>
> सर्वांना नमस्कार,
>
> काल सकाळी ११ च्या बैठकीला मी आलो नाही आणि तसे कळवलेही नाही. बैठकीचा बदललेला दिवस मी टिपून ठेवला नव्हता. माझ्यामुळे तुम्हा सर्वांना वीस मिनिटे थांबावे लागले, रजेवर असूनही आलेल्या सहकारीचा वेळ वाया गेला आणि तारखेचा निर्णय पुढे ढकलावा लागला. याबद्दल मी सर्वांची मनापासून माफी मागतो.
>
> इतिवृत्त मी वाचले आहे. चाचणीचा अहवाल आज दुपारी ४ पर्यंत सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो. तारीख ठरवण्यासाठी उद्या पंधरा मिनिटे घ्यावी लागणार असतील तर तुम्हाला सोयीची असेल ती वेळ कळवावी, मी त्याप्रमाणे येईन.

यात कारण आहे, पण ते झालेल्या नुकसानीपेक्षा लहान आहे. मी हे माप नेहमी वापरतो: पत्रात स्वतःच्या कारणांवर खर्च झालेले शब्द मोजावेत, इतरांच्या नुकसानीविषयीचे मोजावेत आणि पहिली संख्या मोठी निघाली तर कात्री लावावी. शेवटच्या परिच्छेदातील ‘आज दुपारी ४’ ही वेळ पाळता येणार नसेल तर ‘उद्या सकाळी ११’ लिहावे, पण वेळ लिहावीच. ‘लवकरात लवकर’ या शब्दांवर कोणाचेही पुढचे काम ठरत नाही. आणि माफीच्या पत्रात दिलेली वेळ दुसऱ्यांदा चुकली तर मूळ गैरहजेरीपेक्षा तीच लोकांच्या लक्षात राहते.

उशीर आणि आणखी काही

उत्तम पत्र सुचेपर्यंत थांबणारे लोक मला घाईने लिहिणाऱ्यांइतकेच त्रासदायक वाटतात. चूक लक्षात आली तेव्हा बैठक चालू असेल तर ‘मी बैठक विसरलो, पाच मिनिटांत जोडला जातो’ असा एका ओळीचा संदेश तत्क्षणी टाकावा. बैठक संपली असेल तरी ‘आजची बैठक मी न कळवता चुकवली, माफ करा, सविस्तर संध्याकाळपर्यंत लिहितो’ एवढे पुरते. पूर्ण पत्र त्याच दिवशी जावे. वर दिलेला नमुना दुसऱ्या दिवशीचा आहे, तोही उशिराच म्हणायचा.

पत्र फक्त वरिष्ठांना पाठवू नये. वाट गटाने पाहिली आहे. उलट, ज्यांचा बैठकीशी संबंध नव्हता अशा विभागप्रमुखांना प्रत पाठवून चुकीची जाहिरातही करू नये. बैठकीचे निमंत्रण ज्यांना होते तीच पत्राची यादी. ज्या एका माणसाने तुमच्या जागी ऐनवेळी बाजू सांभाळली असेल त्याला वेगळा फोन करावा.

गटप्रमुख स्वतः न आल्यास ‘दुसऱ्या कामात अडकलो होतो’ एवढ्यावर भागवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. कनिष्ठांचा वेळ फुकटचा असतो अशी समजूत त्यामागे असते. हाताखालच्या लोकांनाही तेच पत्र, त्याच शब्दांत गेले पाहिजे.

‘पुन्हा असे कधीही होणार नाही’ लिहू नये. ते तुमच्या हातात नाही. ‘यापुढे येता येणार नसेल तर आधी कळवीन’ हे हातात आहे.

‘सॉरी मंडळी’ आणि शेजारी हात जोडल्याचे चित्र, हे रोज भेटणाऱ्या चार जणांच्या गप्पांत चालते. निर्णय अडला असेल तेव्हा चालत नाही. इंटरनेटवरून उचललेला तयार नमुना तर लगेच ओळखू येतो, कारण त्यात बैठकीचे नाव, वेळ आणि अडलेले काम यांतले काहीच नसते.

पत्र बिघडले आहे हे कसे ओळखावे

उत्तरे पाहावीत. सगळे ‘काळजी घ्या’ म्हणत असतील तर तुम्ही स्वतःविषयी जास्त लिहिले आहे. कोणी ‘मग अहवाल कधी?’ असे विचारले तर पत्रातील सर्वांत गरजेची ओळ राहून गेली आहे. काहीच उत्तर आले नाही तर त्याचा फारसा अर्थ लावू नये, चांगल्या माफीलाही बहुधा एखादा ‘ठीक आहे’ यापलीकडे काही मिळत नाही.

पत्र फसले असे लक्षात आले तरी दुसरे माफीपत्र लिहू नये. पहिल्या पत्राचा खुलासा करणारे दुसरे पत्र आणखी लांब होते आणि वाचणाऱ्यांना पुन्हा एकदा उत्तर देणे भाग पडते. त्याऐवजी राहिलेला अहवाल जोडून एका ओळीत ‘मंगळवारी द्यायचा राहिलेला अहवाल सोबत आहे’ असे लिहावे आणि पुढच्या बैठकीला वेळेच्या दोन मिनिटे आधी जोडले जावे. तिथे पुन्हा मागचा विषय काढू नये.